भरतीचा व्हिडिओ: काम, पगार आणि अर्ज सांगणारी दीड मिनिटाची संहिता

‘नामांकित कंपनीत त्वरित भरती. आकर्षक पगार. इच्छुकांनी लगेच संपर्क साधावा.’ भोसरी-चाकण पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे व्हिडिओ रोज फिरतात. ते पाहून फोनही भरपूर येतात, पण प्रत्येक फोनवर पहिले तीन प्रश्न तेच असतात: काम कसलं, पगार किती, अर्ज कसा करायचा? म्हणजे जे व्हिडिओनं सांगायचं तेच मालक किंवा सुपरवायझर दिवसभर फोनवर सांगत बसतो. बहुतेक जण आकडा ऐकून फोन ठेवतात. उरलेल्यांपैकी निम्म्यांना ते काम येत नसतं.

छोट्या कंपनीच्या भरतीच्या व्हिडिओकडून एकच अपेक्षा ठेवावी: ज्याच्यासाठी ही नोकरी नाही त्यानं व्हिडिओ बघतानाच ओळखावं आणि ज्याच्यासाठी आहे त्यानं अर्ज करावा. संहितेतलं प्रत्येक वाक्य या कसोटीवर तपासायचं. इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो. उदाहरण कल्पित आहे, पण या पट्ट्यातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल असं. भोसरी एमआयडीसीतलं एक वर्कशॉप, २४ माणसं, पंपाचे शाफ्ट आणि बुश बनवणारं. सीएनसी टर्निंगसाठी दोन ऑपरेटर हवेत.

लिहायला बसण्याआधी: पद नेमकं कोणतं?

‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे’ एवढं लिहिलं की तीन वेगळ्या पातळ्यांची माणसं अर्ज करतात. एक जण तयार सेट केलेल्या मशिनवर जॉब लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. दुसरा त्यापुढे जाऊन इन्सर्ट झिजला की बदलतो, मायक्रोमीटरनं मोजतो आणि माप सरकलं तर ऑफसेट देतो. तिसरा सॉफ्ट जॉ बोअर करतो, झिरो घेतो, ड्रॉइंग वाचून प्रोग्राममध्ये गरजेपुरता बदल करतो आणि नवा जॉब उभा करतो. बाजारात तिघांनाही ऑपरेटर म्हणतात, पण तिघांच्या पगारात मोठा फरक असतो.

म्हणून पदाचं नाव लिहिण्याआधी सुपरवायझरला एक साधा प्रश्न विचारा: ‘हा माणूस पहिल्या सोमवारी एकटा मशिनवर उभा राहिला, तर त्यानं काय काय केलेलं तुला हवंय?’ उत्तरात जी क्रियापदं येतील ती संहितेत जशीच्या तशी घ्या. ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारा’ हे शब्द काढून टाका. स्वतःला मेहनती न समजणारा कुणी भेटत नाही, त्यामुळे या शब्दांनी कुणीच गाळला जात नाही. ‘मायक्रोमीटरनं मोजून ऑफसेट देता यायला हवा’ हे ऐकल्यावर मात्र ज्याला ते येत नाही तो आपोआप बाजूला होतो.

आपल्या उदाहरणात दुसऱ्या पातळीचा माणूस हवा आहे. तिसऱ्या पातळीचा मिळाला तर जास्त पैसे द्यायची तयारी आहे. पगाराची दोन टोकं इथूनच येतात.

अटींबद्दल थोडं. शिक्षण खरोखर लागत असेल तरच लिहा. ‘आयटीआय अनिवार्य’ म्हटलं की सात वर्षं फॅनुक कंट्रोलवर काम केलेला बारावी नापास ऑपरेटर अर्जच करत नाही, आणि तुम्हाला हवा असतो नेमका तोच. ‘फक्त पुरुष उमेदवार’ हे तर कॅमेऱ्यासमोर बोलूच नका. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती कायम आहे. रात्रीच्या शिफ्टला स्त्री कामगाराची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. ती कशी करायची हे कामगार कायद्याच्या सल्लागाराला विचारून ठरवावं, अर्ज करणाऱ्या बाईला व्हिडिओतच दार लावून नव्हे.

पगाराचा आकडा: कोणता, आणि कुणासाठी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. एकाच नोकरीचे तीन खरे आकडे सांगता येतात, आणि ऐकणारा त्यातला कोणता समजला यावर सगळं अवलंबून असतं.

आपल्या वर्कशॉपचा खालचा पगार घ्या. ग्रॉस २०,००० रुपये, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. सध्याच्या दरांनी कामगाराचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८००. ईएसआय ०.७५ टक्के, म्हणजे १५०. महाराष्ट्रातला व्यवसाय कर महिन्याला २०० (फेब्रुवारीत ३००). हातात राहतात १७,८५० रुपये. तेच कंपनीच्या बाजूनं मोजलं, तर पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे ३.२५ टक्क्यांनी ६५० वर चढतात. पीएफचा प्रशासकीय आकार आणि बोनस सोडूनही खर्च २२,४५० होतो. म्हणजे व्हिडिओत ‘बावीस हजार’ म्हणणारा मालक खोटं बोलत नाही, पण पहिल्या महिन्यात बँकेत सतरा हजार आठशे पाहणाऱ्या कामगाराला तो खोटाच वाटतो. अशी माणसं दुसऱ्या पगाराची वाट बघत नाहीत.

वरचं टोक ग्रॉस २६,०००. कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच भरते, म्हणून कपात तीच १,८००. ईएसआयची मर्यादा सध्या २१,००० असल्यामुळे या पगाराला ईएसआय लागूच होत नाही. व्यवसाय कर २००. हातात २४,०००. इथे एक अडचण लपलेली आहे. ‘सर्वांना ईएसआय’ असं व्हिडिओत म्हटलंत, तर वरच्या पगारावर येणाऱ्या माणसाला तुम्ही नसलेली गोष्ट देऊ केलीत. चांगला सेटर पुष्कळदा हे विचारतोच: ‘ईएसआय जाणार असेल तर घरच्यांसाठी मेडिक्लेम आहे का?’ उत्तर आधी ठरवून ठेवा.

कपातींचा हिशेब तुमच्या कंपनीच्या आकारावरही ठरतो. पीएफ २० कामगारांपासून बंधनकारक होतो, ईएसआय १० पासून. तुमच्याकडे १४ जण असतील आणि पीएफ भरत नसाल तर तसं सांगावं लागेल. ‘सर्व सुविधा’ या दोन शब्दांमागे ते झाकू नये. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, म्हणून खालच्या टोकाला त्यांच्या हातात २०० रुपये जास्त पडतील. दर आणि मर्यादा बदलतात, तेव्हा चित्रीकरणाच्या आठवड्यात तुमच्या पीएफ-ईएसआयचं काम बघणाऱ्याकडून हा हिशेब एकदा तपासून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे: कामगारांच्या भरतीत हातात येणारा आकडा आधी सांगावा आणि ग्रॉस नंतर. आकडा खालच्या बाजूला वळवावा. १७,८५० चे ‘सतरा हजार आठशे’ करावेत, ‘अठरा हजार’ करू नयेत. पन्नास रुपये जास्त मिळाले म्हणून कुणी भांडत नाही.

पट्टा किती रुंद असावा? ‘१५ ते ४० हजार’ म्हणजे काहीच न सांगणं. ऐकणाऱ्याच्या कानात फक्त चाळीस राहतात, आणि मुलाखतीत अठरा ऐकले की तो चिडून उठतो. वीस ते सव्वीस हा पट्टा चालण्यासारखा आहे, तोही दोन्ही टोकांना अट जोडली तरच: वीस कुणाला, सव्वीस कुणाला. ‘अनुभवानुसार’ हा शब्द पुरत नाही, कारण दहा वर्षं फक्त बटण दाबणाऱ्यालाही आपला अनुभव मोठाच वाटतो. टोकाला वर्षं न जोडता काम जोडा: जो स्वतः नवा जॉब सेट करतो त्याला सव्वीसपर्यंत.

ओव्हरटाइम पट्ट्यात कधीच मिसळू नये. ‘३५,००० पर्यंत कमवा’ असं म्हणणाऱ्या व्हिडिओत रोजचे बारा तास गृहीत असतात, आणि हे आता प्रत्येक ऑपरेटरला ठाऊक आहे. आठ तासांचा पगार वेगळा सांगा, ओव्हरटाइम दुप्पट दरानं वेगळा मिळतो ते वेगळं सांगा. दुप्पट दर हा कायद्यानं आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. सांगतानाही तसाच सूर ठेवा.

आता जी गोष्ट बहुतेक मालकांच्या ध्यानात येत नाही ती. हा व्हिडिओ सगळ्यात आधी तुमचे स्वतःचे कामगार बघतात, तोही चहाच्या सुट्टीत, एका फोनभोवती गोळा होऊन. आपल्या वर्कशॉपमध्ये समजा चार वर्षांपासून सेटिंग करणारा एक जण आहे आणि त्याचा ग्रॉस २२,५०० आहे. व्हिडिओनं जाहीर केलं की बाहेरून येणाऱ्या सेटरला २६,००० पर्यंत. संध्याकाळपर्यंत तो तुमच्या केबिनमध्ये असेल किंवा दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला. दोन जागा भरायला निघालात आणि तिसरी रिकामी झाली.

यावर उपाय पगार लपवण्याचा नाही. हजेरी-पगाराचं पत्रक समोर घ्या, त्याच पातळीचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहा आणि जो पट्ट्यात खाली दिसतो त्याचं आधी ठरवा. वाढ द्यायची असेल तर व्हिडिओ बाहेर पडण्याआधी द्या. देणं परवडत नसेल, तर २६,००० हे वरचं टोकही तुम्हाला परवडत नाही असं समजा आणि ते खाली आणा. मग व्हिडिओ टाकायच्या आदल्या दिवशी शिफ्ट बदलताना दोन्ही पाळ्यांना पाच मिनिटं एकत्र बोलावून सांगा, की उद्या अशी जाहिरात जाणार आहे, पगार असा आहे, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर पाठवा. चांगली माणसं बहुधा याच पाच मिनिटांतून येतात.

अर्जाची वाट: एकच, आणि फोनवर जमणारी

फोन करा, मेल पाठवा, लिंकवर फॉर्म भरा, किंवा थेट कंपनीत या, असे चार रस्ते एकाच व्हिडिओत दिले की अर्ज चार ठिकाणी विखुरतात आणि कुणाला उत्तर दिलं, कुणाला नाही, याचा पत्ता राहत नाही. एक वाट निवडा. ऑपरेटरच्या भरतीसाठी ती व्हॉट्सॲप हीच असावी. पुष्कळांकडे बायोडेटा तयार नसतो, आणि तो टाइप करून आणायला सांगितलं की नोकरीत असलेला, म्हणजे तुम्हाला हवा असलेला माणूस कंटाळा करतो.

नंबर मालकाचा खासगी देऊ नका. वेगळं सिम घ्या आणि व्हॉट्सॲप बिझनेस घाला, कारण हा नंबर पुढे वर्षभर ग्रुपवर फिरत राहील. बिझनेस ॲपमध्ये आपोआप जाणारं उत्तर लावता येतं आणि अर्जांना ‘ट्रायलला बोलावलं’, ‘नकार कळवला’ अशी लेबलं लावता येतात. दोन जागांसाठी एवढं पुरेसं आहे. व्हिडिओसोबत मजकूर टाकताना लिंकही द्या, म्हणजे नंबर सेव्ह न करता चॅट उघडतं. लिंकमध्ये नंबरच्या आधी ९१ असतं, अधिकचं चिन्ह किंवा शून्य नसतं:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=CNC
```

माहिती किती मागायची? पहिल्या मेसेजमध्ये चारच गोष्टी: नाव, सध्या राहायला कुठे, कोणत्या कंट्रोलवर काम केलं, किती वर्षं. लिहून किंवा बोलून, दोन्ही चालेल असं मुद्दाम सांगा. व्हॉइस मेसेजचा एक फायदा तुमचाही आहे. माणूस आपल्या कामाबद्दल कसा बोलतो हे अर्ध्या मिनिटात कळतं. ‘शाफ्टचं काम केलंय, वीस मायक्रॉनच्या आत ठेवायला लागायचं’ असं म्हणणारा आणि ‘सीएनसी चालवतो’ म्हणणारा, यातला फरक लिहिलेल्या बायोडेटात दिसत नाही.

आधार, पॅन, बँक पासबुक यांचे फोटो या टप्प्यावर मागू नका. ते रुजू होताना लागतात, अर्ज करताना नाही. नोकरीच्या नावाखाली कागदपत्रं आणि ‘रजिस्ट्रेशन फी’ उकळणारे इतके आहेत, की आधारचा फोटो मागितला की शहाणा माणूस मागे फिरतो. उलट, ‘आमच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका’ हे वाक्य व्हिडिओत असावंच. उद्या एखादा एजंट तुमचाच व्हिडिओ कापून खाली स्वतःचा नंबर टाकेल, तेव्हा ते वाक्य कामाला येतं.

अर्जानंतर काय होणार हेही सांगा: किती दिवसांत उत्तर, मग मशिनवर ट्रायल, ट्रायल किती वेळाची. तासाभराची ट्रायल ठीक आहे. पूर्ण शिफ्टभर तुमचं उत्पादन काढून घेणार असाल तर त्या दिवसाची मजुरी द्या आणि तसं आधीच सांगा.

पूर्ण संहिता

डाव्या बाजूला दृश्य आणि उजवीकडे बोलणं अशी दोन रकान्यांची वही असेल तर उत्तम. इथे एकाखाली एक देतो. मराठीत सावकाश, समजेल असं बोललं की सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. खालचा मजकूर त्या वेगानं दीड मिनिटाचा होतो.

*पहिला तुकडा, १० सेकंद.* दृश्य: टर्निंग मशिनचं दार बंद, आत कूलंट चालू. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत: ‘सीएनसी टर्निंग ऑपरेटर, २ जागा, भोसरी’ आणि त्याखाली ‘हातात ₹१७,८०० ते ₹२४,०००’.

बोलणं: ‘भोसरी एमआयडीसीत सीएनसी टर्निंगसाठी दोन ऑपरेटर हवेत. पगार हातात सतरा हजार आठशे ते चोवीस हजार. अनुभव किमान एक वर्ष.’

*दुसरा तुकडा, २० सेकंद.* दृश्य: मायक्रोमीटरनं जॉब मोजणारा हात, मग कंट्रोलवर ऑफसेटचं पान.

बोलणं: ‘आमच्याकडे पंपाचे शाफ्ट आणि बुश बनतात. मशिन फॅनुक कंट्रोलची आहेत. जॉब लावणं, इन्सर्ट बदलणं, मायक्रोमीटरनं मोजून ऑफसेट देणं हे तुम्हाला कुणी शेजारी उभं न राहता जमायला हवं. आयटीआय नसेल तरी चालेल, काम यायला हवं. महिला आणि पुरुष, दोघांनीही अर्ज करावा.’

*तिसरा तुकडा, २५ सेकंद.* दृश्य: बोलणारा माणूस कॅमेऱ्यासमोर, शॉपमध्ये उभा. स्क्रीनवर दोन ओळी: ‘ऑफसेट येतो: ग्रॉस ₹२०,००० पासून’, ‘नवा जॉब सेट करतो: ग्रॉस ₹२६,००० पर्यंत’.

बोलणं: ‘हे काम येत असेल तर सुरुवात ग्रॉस वीस हजारांपासून. जॉ बोअर करून, झिरो घेऊन नवा जॉब स्वतः सेट करणाऱ्याला सव्वीस हजारांपर्यंत. पीएफ वगैरे कापून हातात येतात ते सतरा हजार आठशे ते चोवीस हजार. ओव्हरटाइम यात धरलेला नाही. तो वेगळा, दुप्पट दरानं. नोकरी कंपनीच्या रोलवर, ठेकेदारामार्फत नाही.’

*चौथा तुकडा, १५ सेकंद.* दृश्य: कंपनीचं फाटक, समोरचा रस्ता. स्क्रीनवर शिफ्टच्या वेळा.

बोलणं: ‘शिफ्ट दोन. सकाळी सात ते साडेतीन, आणि दुपारी साडेतीन ते रात्री बारा. दर आठवड्याला बदलतात. सुट्टी गुरुवारी. राहायची सोय नाही आणि रात्री बाराला कंपनीची गाडी नाही, हे आधीच सांगतो.’

*पाचवा तुकडा, २० सेकंद.* दृश्य: स्थिर पाटी. नंबर, ‘फक्त व्हॉट्सॲप’, शेवटची तारीख वर्षासकट. पाटी संपेपर्यंत हलवायची नाही.

बोलणं: ‘अर्ज फक्त व्हॉट्सॲपवर, स्क्रीनवरच्या नंबरला. नाव, राहता कुठे, कोणत्या कंट्रोलवर किती वर्षं काम केलं, एवढं लिहा किंवा बोलून पाठवा. तीन कामाच्या दिवसांत उत्तर देऊ, हो असो वा नाही. शेवटची तारीख पंधरा जुलै. या नोकरीसाठी कुणीही पैसे मागितले तर देऊ नका.’

चौथ्या तुकड्यातलं ‘गाडी नाही’ हे वाक्य काढून टाकावं असं प्रत्येक मालकाला वाटतं. ठेवा. लातूर-नांदेडहून येऊन आळंदीत किंवा मोशीत खोली घेऊन राहणाऱ्या मुलाकडे दुचाकी नसेल, तर रात्री बारानंतर त्यानं घरी जायचं कसं? हे त्याला रुजू झाल्यावर कळलं तर दुसऱ्या शिफ्टच्या पहिल्याच आठवड्यात तो काम सोडतो, आणि त्याला शिकवण्यात घातलेले दिवस वाया जातात. गाडी सुरू करणं शक्य असेल तर अर्थात ते जास्त चांगलं, आणि मग तेच वाक्य तुमच्या व्हिडिओतलं सगळ्यात जोरदार वाक्य ठरेल.

व्हॉट्सॲप स्टेटससाठी छोटा तुकडा वेगळा काढायचा असेल, तर पहिला आणि पाचवा जोडा. मधले कापले तरी काम, पगार, अर्ज हे तिन्ही त्यात राहतात. पहिला तुकडा तसा लिहिण्यामागे हाच हेतू आहे.

चित्रीकरणात संहिता बिघडते ती ठिकाणं

बोलणारा कोण? मालकापेक्षा शॉप सुपरवायझर बरा, कारण ‘झिरो घेणं’ हे शब्द त्याच्या तोंडात बसलेले असतात. त्याला पाठांतर करायला लावू नका. तुकडा वाचून दाखवा, मग त्याच्या शब्दांत बोलायला सांगा. आकडे, वेळा आणि तारीख तेवढी लिहिल्याप्रमाणेच यायला हवीत.

शॉपमध्ये कॉम्प्रेसर चालू असताना फोनच्या माइकवर काही ऐकू येत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे बोलणं ऑफिसात, पंखा बंद करून, कॉलर माइकवर घ्यायचं आणि मशिनची दृश्यं त्यावर लावायची. समोर उभं राहून बोलायचा तिसरा तुकडा जेवणाच्या सुट्टीत घ्या. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून पद, पगार, शिफ्ट आणि नंबर हे चारही स्क्रीनवर वाचता आले पाहिजेत. फोन उभा धरूनच चित्रीकरण करा आणि अक्षरं अगदी तळाशी ठेवू नका, कारण रीलवर तिथे नाव आणि बटणं येतात आणि नेमका नंबर झाकला जातो.

दृश्यांत काय दिसतं हे टाकण्याआधी एकदा थांबवून-थांबवून बघा. टेबलावर ग्राहकाचं ड्रॉइंग उघडं पडलेलं असतं, क्रेटवर ग्राहकाचं नाव असतं, आणि अशी माहिती बाहेर न देण्याचा करार तुम्ही केलेला असतो. मशिनचं दार उघडं ठेवून हातानं बरी ओढणारा कामगार दिसला, तर चांगला ऑपरेटर त्यावरूनच शॉपची पारख करतो. गॉगल, सेफ्टी शूज, बरी काढायचा हूक हे सगळं जागेवर असू द्या, केवळ चित्रीकरणापुरतं नव्हे. जे कामगार दिसणार आहेत त्यांना आधी विचारा. नको म्हणणाऱ्याला बाजूला राहू द्या.

टाकण्याआधी आणि टाकल्यावर

तयार व्हिडिओ भरतीशी संबंध नसलेल्या दोघा-तिघा ऑपरेटरना एकदाच दाखवा, मग फोन बाजूला ठेवून विचारा: काम काय आहे, हातात किती मिळणार, अर्ज कसा करशील? कुणी ‘सव्वीस हजार’ असं उत्तर दिलं, तर पगाराचा तुकडा पुन्हा लिहायला हवा. त्यांना व्हिडिओ आवडला का, हे विचारू नका. त्या उत्तराचा उपयोग नसतो.

टाकल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे मेसेज वाचा आणि लोक काय विचारतात ते मांडून ठेवा. कुठे चुकलं ते प्रश्नांवरून कळतं. ‘पगार किती?’ असं अजूनही विचारत असतील तर आकडा स्क्रीनवर फार थोडा वेळ राहिला किंवा बारीक अक्षरांत गेला. ‘फ्रेशर चालेल का?’ असे मेसेज भरपूर येत असतील तर अनुभवाची अट पहिल्या दहा सेकंदांत ऐकू येत नाही. ‘कंपनी कुठे आहे?’ हा प्रश्न आला तर भोसरी पुरेशी नाही, लांडेवाडी चौकासारखी जवळची खूण जोडा. व्हिडिओ भरपूर फिरला, प्रश्न एकही नाही आणि अर्जही नाहीत, तर संहितेत फेरफार करत बसू नका. पगार शेजारच्या कंपनीपेक्षा कमी आहे किंवा रात्री बाराची शिफ्ट लोकांना नको आहे, आणि ते शब्द बदलून सुटत नाही.

अर्ज येत आहेत, पण ट्रायलला बोलावलेले येत नाहीत, हीही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण वेळेचं असतं. नोकरीत असलेला माणूस सकाळी अकराला सुट्टी काढून येऊ शकत नाही. ट्रायल गुरुवारी ठेवा, कारण या पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते. त्यासाठी तुमचा सुपरवायझर दोन तास आला तरी भागतं, आणि त्या दोन तासांचे पैसे त्याला द्या.

जागा भरल्या की त्याच ग्रुपवर ‘जागा भरल्या’ अशी पाटी टाका आणि व्हॉट्सॲप बिझनेसमधलं आपोआप जाणारं उत्तर त्याच दिवशी बदला. जुना व्हिडिओ दिवाळीनंतरही कुणीतरी कुठल्यातरी ग्रुपवर टाकणारच, म्हणून पाटीवर तारखेसोबत वर्ष लिहायला सांगितलं. ज्यांना नकार द्यायचा त्यांना तसं एका ओळीत कळवा, आणि ट्रायलमध्ये चांगले वाटलेल्या पण जागा नसलेल्या दोघा-तिघांना वेगळं लेबल लावून ठेवा. पुढची जागा निघाली की कॅमेरा काढण्याआधी त्यांनाच मेसेज करा.